चोर्ला घाटातला अपघात: एक वहिनी, एक दीर आणि तीन निदानं

अपघात झाला, माणूस रडतंय, झोपत नाहीये, म्हणजे पीटीएसडी, धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, असं हल्ली घरचेच ठरवून येतात. कधी वकील ठरवून पाठवतो, कधी दुसऱ्या विभागातला डॉक्टर चिठ्ठीवर लिहूनच देतो. मोठा धक्का बसल्यावर जे काही होतं त्याला एकच नाव आहे असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या एकाच धक्क्यातून निदान वेगवेगळी निघतात, त्यांचे उपाय वेगळे, वाट बघायचा काळ वेगळा, आणि चुकलं तर नुकसानही वेगळं. म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितेय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्यात, वय, काम, गाव सगळं बदललंय, पण तपासणीचा क्रम आणि निर्णय अशा केसमध्ये जसे होतात तसेच ठेवलेत.

गोव्यातल्या साखळी गावाकडचं घर. नवरा पिकअप चालवतो, बेळगावहून भाजी आणून इथल्या बाजारात टाकतो, पहाटे निघायचं आणि उजाडायच्या आत माल उतरवायचा असा रोजचा धंदा. धाकटा भाऊ, वय २६, त्याच्यासोबत हेल्पर म्हणून. वहिनी ३४ वर्षांची, एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते, ती त्या दिवशी बेळगावला माहेरी गेलेली आणि परत येताना त्यांच्याबरोबरच केबिनमध्ये बसली. जुलैचा पाऊस, चोर्ला घाट, वळणावर समोरून आलेला ट्रक, ब्रेक मारल्यावर पिकअप घसरली आणि कठड्यावर जाऊन आदळली. ड्रायव्हरची बाजू आत दबली, नवऱ्याचा पाय अडकला, मांडीचं हाड मोडलं. वहिनी दार उघडून बाहेर पडली. दीर मात्र आतच राहिला, भावाचा हात धरून, जवळजवळ पाऊण तास, वरून पाऊस, खाली डिझेल सांडलेलं, मागे कोबीची पोती फुटलेली, आणि भाऊ मध्येमध्ये बोलायचा बंद होत होता. अग्निशामक दलाने पत्रा कापून काढलं तोपर्यंत दिराला वाटत होतं की आता दादा गेला.

१०८ने आधी साखळीला आणि तिथून गोवा मेडिकल कॉलेजात, बांबोळीला आणलं.

कॅज्युअल्टीत सगळ्यांचं लक्ष वहिनीकडे गेलं आणि ते साहजिक होतं. ती बसत नव्हती. भिजलेल्या कपड्यात इकडून तिकडे चालत होती, येईल त्याला विचारत होती "माझी पिशवी कुठंय, पिशवीत दूध आहे". आज वार कुठला विचारलं तरी पिशवीच. नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं की ते ऑपरेशनला गेलेत, तर मान हलवली आणि दोन मिनिटांनी परत विचारलं की हे कुठे आहेत. मग एकदम ओरडून रडली, मग पुन्हा गप्प, नजर समोरच्या भिंतीवर. नाडी १२४, तळहात घामाने ओले. दीर मात्र काउंटरवर फॉर्म भरत होता, रक्त द्यायला गेला, गावात फोन केले, गाडीच्या मालाचं काय करायचं तेही व्यापाऱ्याला सांगितलं. कपाळावर खरचटलेलं सोडलं तर काही नाही. सगळे म्हणाले पोरगा खंबीर आहे.

आता इथे पहिला मुद्दा, आणि तो मानसोपचाराचा नाहीच. अपघातातून आलेलं माणूस गोंधळलेलं आहे, एकच प्रश्न परत परत विचारतंय, तर आधी डोक्याला मार धरायचा. हे वागणं मेंदू हादरल्यावर अगदी असंच दिसू शकतं, आतल्या आत रक्त जात असेल तर दिसू शकतं, साखर उतरली असेल तर दिसू शकतं, दारू घेतली असेल तर दिसू शकतं. म्हणून तिची साखर बघितली, ऑक्सिजन बघितला, डोळ्याच्या बाहुल्या बघितल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, डोक्याचा सीटी झाला. सगळं नॉर्मल आलं तरी रात्रभर दर तासाला तिला उठवून बघितलं गेलं, कारण सीटी नॉर्मल असूनही मेंदूला हलका मार असू शकतो. हे सगळं झाल्यावरच 'मनाचा धक्का' हा शब्द वापरायचा, त्याआधी नाही.

मग जे उरलं ते अक्यूट स्ट्रेस रिअॅक्शन. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-१० मध्ये, याचं वर्णन वाचलं तर वाटतं तिलाच समोर बसवून लिहिलंय: सुरुवातीला सुन्नपणा, लक्ष एका छोट्याशा गोष्टीवर अडकलेलं, आजूबाजूचं कळत नाही, त्यानंतर एकतर आणखी गप्प होणं किंवा उगाच धावपळ, सोबत धडधड, घाम. घटनेनंतर काही मिनिटांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत उतरायला लागतं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत फारसं काही राहत नाही. त्यातला काही वेळ माणसाला नंतर आठवत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने तर याला आजारांच्या यादीतूनच काढलंय, म्हणजे कोड आहे, मदत करायची आहे, पण हा मानसिक आजार नव्हे, भयंकर प्रसंगाला माणसाच्या शरीर-मनाने दिलेलं उत्तर आहे. मला हा बदल फार बरोबर वाटतो, कारण कॅज्युअल्टीत ओरडणाऱ्या बाईच्या पेपरवर 'मानसिक रुग्ण' असं लागलं की ते पुढे लग्नकार्यापर्यंत पाठ सोडत नाही.

एक घोटाळा इथे नेहमी होतो. मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात, डीएसएम-५ मध्ये, जवळजवळ याच नावाचं निदान आहे, अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर, पण ते वेगळं. ते घटनेनंतर ३ दिवस ते १ महिना या काळासाठी आहे, त्यात १४ पैकी किमान ९ लक्षणं लागतात. म्हणजे एक पहिल्या तासांचं चित्र आणि दुसरं पहिल्या महिन्याचं. रिपोर्टवर कुणी कुठली पद्धत वापरलीय ते बघितल्याशिवाय दोन पेपरांची तुलना करू नये.

नर्सने विचारलं, "झोपेचं इंजेक्शन देऊ का, सगळा वॉर्ड जागा होईल." नको म्हटलं, आणि कारण सांगितलं. एक तर डोक्याच्या माराचं निरीक्षण चालू आहे, गुंगी आली तर बिघडतंय का झोपलीय ते कळणार नाही. दुसरं, अशा धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात डायझेपाम जातीची औषधं या त्रासासाठी देऊ नका असं डब्ल्यूएचओची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. त्याच रात्री बसवून 'काय काय झालं ते सगळं सांग, मन मोकळं होईल' असं करायचंही नाही, तसं एका बैठकीत खोदून काढल्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही. मग केलं काय? कोरडे कपडे, चहा, आवाज कमी असलेला कोपरा, माहेरची बहीण बोलावून घेतली, आणि प्रत्येक वेळी तेच एक छोटं वाक्य: "ते जिवंत आहेत, पायाचं ऑपरेशन चालू आहे, तुम्ही बांबोळीला आहात." दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःहून विचारलं की मुलगी शाळेतून कुणी आणली. तिसऱ्या रात्री पाच तास झोपली. घाटातून इस्पितळापर्यंतचा बराच प्रवास तिला आठवत नव्हता आणि आजही आठवत नाही.

चौथ्या दिवसापासून ती ठीक होती. हे 'ठीक होती' लक्षात ठेवा, कारण पुढचं निदान त्यावर उभं आहे.

सहाव्या आठवड्यात नवऱ्याला हाडांच्या ओपीडीत दाखवायला आणलं तेव्हा ती परत आमच्याकडे, मानसोपचार विभागात आली. चिठ्ठीवर लिहिलेलं: अपघात, पीटीएसडी, कृपया बघा. ती समोर बसून रडली. झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही, दोन हिशोब चुकले म्हणून रजा टाकून घरी बसली, मुलीवर ओरडते, भूक अर्धी. हातात पीसीएल-५ ची प्रश्नावली होती, बाहेर बसून भरलेली. यात २० प्रश्न असतात, गेल्या महिन्यात किती त्रास झाला त्याला ० ते ४ गुण, एकूण ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की पीटीएसडी असण्याची शक्यता धरून नीट तपासायचं. तिचे गुण ३६. इथेच फाइल बंद करणारे खूप आहेत.

पण गुणांची बेरीज बघायच्या आधी ते कुठून आलेत ते बघावं. या प्रश्नावलीत पहिले ५ प्रश्न घटना परत परत अंगावर येण्याबद्दल आहेत, पुढचे २ टाळण्याबद्दल. या ७ प्रश्नांत मिळून तिचे गुण होते फक्त ४. उरलेले ३२ आले पुढच्या १३ प्रश्नांतून: झोप, चिडचिड, लक्ष न लागणं, कशात मन न रमणं, 'जग वाईट आहे', आणि 'घटनेचा महत्त्वाचा भाग आठवत नाही' याला तर पूर्ण ४, जे खरं तर पहिल्या दिवसाच्या सुन्नपणाचं उरलेलं होतं. हे १३ प्रश्न खोटे नाहीत, पण त्यातले बरेचसे डिप्रेशनमध्ये, कर्जबाजारीपणात, घटस्फोटात, कुठल्याही मोठ्या काळजीत वाढतात. पीटीएसडीचा कणा पहिल्या ७ मध्ये आहे.

म्हणून मी तिला एकच गोष्ट सावकाश विचारली: रात्री तीन वाजता जाग येते तेव्हा डोळ्यासमोर काय असतं?

"हप्ता," ती म्हणाली. "पिकअपचे अजून अडीच वर्षांचे हप्ते आहेत. ती गाडी तर चेपून गेली. इन्शुरन्सवाले कागद मागतात, बँकेचा माणूस दर सोमवारी फोन करतो. ह्यांना सहा महिने गाडी चालवायची नाही म्हणतात. माझ्या पगारात हप्ता आणि घर दोन्ही होत नाही डॉक्टर, मी रोज तेच करत बसते, वहीत लिहिते, खोडते."

आणि अपघात आठवतो का? "आठवतो ना. वाईट वाटतं. पण तो होऊन गेला." घाटातून जायला भीती वाटते? ती जरा आश्चर्याने बघत म्हणाली की दोनदा जाऊन आले, शेजाऱ्याच्या गाडीतून, माहेरी पैसे आणायला जावं लागलं. स्वप्न? बँकेचा माणूस दारात उभा आहे आणि सासूबाई त्याला चहा देतायत, असं. कधी बरं वाटतं का? हो, चवथीच्या माटोळीची यादी करायला मुलगी बसली तेव्हा तासभर हसलो सगळे, मग परत तेच सुरू.

अॅडजस्टमेंट डिसऑर्डरचं चित्र हे असं असतं. आयसीडी-११ त्यात दोन गोष्टी बघायला सांगते: ताणाच्या कारणात किंवा त्याच्या परिणामांत मन सतत गुंतून राहणं, तेच विचार फिरत राहणं, आणि त्या परिस्थितीशी जुळवून घेता न येणं इतकं की झोप, काम, घर बिघडतं. ताण सुरू झाल्यापासून साधारण एका महिन्यात हे दिसायला लागतं, डीएसएम तीन महिन्यांपर्यंत सवलत देते. ताण संपला की बहुतेकदा सहा महिन्यांत उतरतं, ताण चालूच राहिला तर रेंगाळतं.

काळाचा हिशोबही जुळत होता. अपघातानंतर चौथ्या दिवसापासून ती बरी, नवऱ्याला डिस्चार्ज मिळून घरी आणल्यावर आणि पहिला हप्ता चुकल्यावर त्रास सुरू. मध्ये जवळजवळ दोन-अडीच आठवड्यांची मोकळी जागा. नुसत्या त्या मोकळ्या जागेवर पीटीएसडी नाही असं म्हणता येत नाही, तो उशिराही उभा राहू शकतो, पण तिच्या मनात जे फिरत होतं ते घाटातलं नव्हतंच. ती स्वतः त्या गाडीत होती, जीव जाऊ शकला असता, म्हणजे पीटीएसडीला लागणारी घटना तिच्या बाबतीत शंभर टक्के घडलेली. तरीही निदान तो नाही. घटना किती भयंकर होती त्यावर फक्त पीटीएसडीचा विचार करायचा की नाही ते ठरतं, निदान ठरतं माणसाच्या आत आता काय चाललंय त्यावर. याच्या उलटही होतं: नोकरी गेली, लग्न मोडलं, आणि माणसाला तो प्रसंग सारखा दिसतो, तो रस्ता टाळतो, तरी त्यात जिवाचा धोका किंवा तसं भयानक काही नसल्याने बहुतेक वेळा ते अॅडजस्टमेंट डिसऑर्डरमध्येच जातं.

एक फाटा मात्र तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तो डिप्रेशनचा. डिप्रेशनची पूर्ण लक्षणं भरत असतील तर अॅडजस्टमेंट डिसऑर्डर लिहायचंच नाही, डिप्रेशन लिहायचं, कारण मग औषधाचा विचार बदलतो. म्हणून विचारलं: दिवसातला बहुतेक वेळ, सलग दोन आठवडे, मन खाली आहे का? आनंदाच्या गोष्टीतही काहीच वाटत नाही का? स्वतः नालायक आहे असं वाटतं? मरून जावंसं वाटतं? शेवटच्या प्रश्नावर ती थांबली आणि म्हणाली की एकदा वाटलं होतं सुटका व्हावी, पण मुलीला सोडून कुठे जाणार, काही करायचा विचार नाही. हे लिहून ठेवलं, बहिणीला तिच्यासमोर सांगितलं, आणि दर भेटीत परत विचारायचं ठरवलं. अॅडजस्टमेंट डिसऑर्डर हे 'हलकं' निदान म्हणून कुणी आत्महत्येचा प्रश्न विचारत नाही, पण हे निदान असलेले लोकही जीव द्यायचा प्रयत्न करतात, तेव्हा तो प्रश्न सोडायचा नसतो.

हे सगळं चालू असताना दीर बाहेर बाकावर होता. त्याला कुणी पेशंट म्हणून आणलंच नव्हतं. फिजिओथेरपीच्या खोलीत दादाला धरून उभं करायचं काम तो करायचा, आणि तिथल्या थेरपिस्टच्या लक्षात आलं की बाजूला लोखंडी ट्रॉली आपटली की हा खोलीबाहेर जातो आणि दहा मिनिटं येत नाही. तिने आम्हाला फोन केला म्हणून त्याला आत बोलावलं, नाहीतर तो मान दुखते आणि अॅसिडिटी आहे म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेऊन गेला असता.

त्याने पीसीएल-५ पाच मिनिटांत भरून दिला. गुण २१. रेषेच्या बराच खाली. प्रत्येक ठिकाणी 'थोडंसं', 'थोडंसं'. विचारलं तर म्हणाला, "मला काय झालंय, लागलं दादाला."

इथे मी घटनेचं वर्णन मागितलं नाही. पहिल्याच भेटीत पाऊण तासाचा सगळा प्रसंग काढायला लावला तर काही माणसं परत येतच नाहीत. विचारलं की हल्ली कामावर कुठे जातोस. बेळगावलाच, दुसऱ्याच्या गाडीवर. चोर्ल्याने? नाही, अनमोडने. लांब पडत नाही का? "पडतं. पण तिकडचा रस्ता बरा." मग वहिनीने आतून सांगितलं, "भावजी, रस्ता बरा म्हणून नाही, तुम्ही परवा देवदर्शनाला पण केरीच्या पुढे आला नाहीत." तो काही बोलला नाही.

कोबीचं विचारलं. कसं सुचलं तर फाइलमध्ये पोती फुटल्याचं होतं म्हणून. भाजी उतरवताना कसं वाटतं? त्याचा चेहरा बदलला, उजव्या हाताची मूठ आवळली गेली, नजर टेबलाच्या पलीकडे कुठेतरी. मी वाट बघितली. मग म्हणाला की कोबी आणि डिझेल दोन्हीचा वास एकत्र आला की हातात दादाचा हात असतो. आठवण येते का म्हटलं. "आठवण नाही. हात असतो. गार. मी दाबतो आणि तो दाबत नाही." अशा वेळी तू कुठे आहेस ते कळतं? "नंतर कळतं. एकदा मडगावच्या मार्केटात टोपली हातातून सोडली, लोक बघायला लागले तेव्हा कळलं."

माझ्यासाठी निदान जवळजवळ याच वाक्यांत झालं. वहिनी अपघात आठवते आणि तो 'होऊन गेला' म्हणते. दिरासाठी तो होऊन गेलेलाच नाही, तो आत्ता होतो, वासासकट, हातातल्या गारव्यासकट. आयसीडी-११ पीटीएसडीला तीन गोष्टी मागते आणि तिन्ही एकत्र मागते: घटना वर्तमानात परत घडल्यासारखी अनुभवणं, तिची आठवण देणाऱ्या जागा-विचार टाळणं, आणि आत्ताही धोका आहे असं सतत वाटून सावध राहणं. तिसरं त्याच्या बोलण्यातून सहज आलं, घरी कुकरची शिट्टी झाली की उठून उभा राहतो, रात्री अंगणातला दिवा चालू ठेवून झोपतो, दुसऱ्याच्या गाडीत बसला की पाय आपोआप ब्रेक दाबतो. हे काही आठवडे टिकायला हवं आणि आयुष्य बिघडायला हवं, डीएसएम एक महिन्यापेक्षा जास्त म्हणते, इथे पहिल्या आठवड्यापासून सहा आठवडे झाले होते. कामाचे दिवस निम्मे झाले होते, संध्याकाळची बिअर रोजची झाली होती आणि तिच्यावर फेणीही चढली होती.

मग तोच पीसीएल-५ मी स्वतः वाचून, प्रत्येक प्रश्नाला उदाहरण मागत, परत केला. गुण ४७, त्यातले २४ पहिल्या ७ प्रश्नांतले. सकाळच्या २१ आणि दुपारच्या ४७ मध्ये आजार वाढला नव्हता. टाळणं हा ज्या आजाराचा भागच आहे त्यात माणूस फॉर्मवरचे प्रश्नही टाळतो, हे धरूनच चालायचं.

कुणी विचारेल की दहाव्या दिवशी भेटला असता तर? तेव्हा डीएसएमप्रमाणे अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर बसतोय का ते बघितलं असतं, पीटीएसडी लिहिला नसता. पहिल्या महिन्यात अशी लक्षणं असलेले बरेच लोक आपोआप सुधारतात, आणि ज्यांना पुढे पीटीएसडी होतो त्यातल्या बऱ्याच जणांना सुरुवातीला पूर्ण अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर नसतोही. म्हणून महिन्याच्या आत शिक्का मारायचा नाही, पण तारीख देऊन परत बोलवायचं. कॅज्युअल्टीत जो शांत दिसला त्यालाही ती तारीख द्यायची, हे आमच्याकडे आता ठरवून करतो.

मध्येच वकिलाचा फोन आला. मोटार अपघात दाव्यासाठी वहिनीला पीटीएसडीचं सर्टिफिकेट द्या, त्याने भरपाई वाढेल, ती तर रडतेय, दीर तर कामाला जातो. मी जे होतं तेच दिलं: तिला अॅडजस्टमेंट डिसऑर्डर, अपघाताच्या परिणामांमुळे, आणि दिराला पीटीएसडी. खोटं निदान दिलं असतं तर उलटतपासणीत पहिलाच प्रश्न आला असता की बाई त्याच घाटातून दोनदा कशा गेल्या, आणि मग तिचा खरा त्रासही खोटा ठरला असता.

उपाय दोघांचे वेगळे. वहिनीच्या बाबतीत आमची मेडिकल सोशल वर्कर तिच्याबरोबर ती वही घेऊन बसली. इन्शुरन्सचे राहिलेले कागद लावले, बँकेत अर्ज दिला, हप्ते पुढे ढकलून मिळाले. मी चार भेटींत तिच्याबरोबर एवढंच केलं की रात्रीचा हिशोब संध्याकाळी सहा ते साडेसहात करायचा, वही बंद करायची, प्रश्नाचे तुकडे करून या आठवड्यात त्यातला कुठला हलवता येतो ते ठरवायचं, आणि ऑफिसला निम्म्या वेळेने का होईना जायला लागायचं. गोळी दिली नाही. तिला घटनेचं वर्णन करायला लावणारी थेरपी दिली असती तर आठवडे फुकट गेले असते, कारण तिच्या रात्री बँकेने खाल्ल्या होत्या.

दिराला ट्रॉमावर केंद्रित सीबीटी, म्हणजे त्या प्रसंगाभोवतीचे विचार आणि वागणं बदलायची थेरपी, आठवड्याला एक बैठक, दीड तासाची. आधी फेणी बंद, कारण पिऊन झोपलेल्या माणसाला थेरपीत शिकलेलं टिकत नाही. मग त्याने तो पाऊण तास मोठ्याने, डोळे मिटून, आत्ता घडतोय असा सांगायचा, परत परत, आणि रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. तिसऱ्या वेळी एक गोष्ट बाहेर आली जी त्याने कुणाला सांगितली नव्हती: वळणाच्या आधी तोच म्हणाला होता, "दादा जरा ताण, उशीर झालाय." अपघातापासून तो हे घेऊन फिरत होता. त्यावर 'तुझी चूक नाही रे' म्हणून काम होत नाही. दोन बैठका आम्ही फक्त तेवढ्यावर घालवल्या, ट्रक कुठल्या बाजूने आला, वेग किती होता, तो काय म्हणाला आणि दादाने खरंच वेग वाढवला होता का, आणि मग दादालाच बोलावलं. दादा म्हणाला, "तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नव्हतं, पाऊस केवढा होता."

पायऱ्याही केल्या. आधी कोबीची पोती घरच्या अंगणात, मग डिझेलचं फडकं सोबत, मग साखळीहून केरीपर्यंत, मग दिवसा कोरड्या रस्त्यावर घाट, मग ते वळण आणि तिथे गाडी बाजूला लावून भीती उतरेपर्यंत थांबायचं. पाचव्या आठवड्यात झोप फारच बिघडली तेव्हा सर्ट्रालिन हे डिप्रेशन आणि पीटीएसडीवरचं औषध ५० मिलिग्रॅमवर सुरू करून पुढे १०० केलं, त्याला ते आधी नको होतं आणि ते चालण्यासारखं होतं, थेरपी हाच पहिला उपाय धरतात.

चार महिन्यांनी दिराचे गुण ४७ वरून १९ वर आले. चोर्ल्याने जातो. रात्री, पावसात जात नाही, आणि त्यासाठी आम्ही जोर केला नाही, पुढचा जून बघून ठरवू. सर्ट्रालिन किमान वर्षभर चालू ठेवायचं ठरलंय. वहिनी पूर्ण वेळ कामावर आहे, नवरा काठी घेऊन चालतो, हप्ते परत सुरू झालेत. तिला महिन्यातून एखादी रात्र जाग येते. तिच्या फाइलवर मी लिहून ठेवलंय की पैशाचा ताण सुटल्यावरही सहा महिन्यांनंतर त्रास राहिला, किंवा घाट टाळायला लागली, किंवा ती गाडी परत 'दिसायला' लागली, तर हे निदान तसंच पुढे चालवायचं नाही, पहिल्यापासून सगळं परत विचारायचं.